पॉलिसीवर नाव माझं, चॅसिस नंबरही चुकलेला. दुरुस्तीचं पत्र कसं लिहायचं?

गोदाकाठ:
आईच्या नावावर २०१९ ची स्कूटर आहे. डीलरकडून घेताना पाच वर्षांचा विमा होता. तो संपल्यावर ओळखीच्या एजंटकडून दुसऱ्या कंपनीची पॅकेज पॉलिसी घेतली. पैसे मी ऑनलाइन भरले आणि पॉलिसी व्हॉट्सॲपवर आली. कर्ज कधीच फिटलंय, पण आरसीवरचा बँकेचा बोजा काढायचा राहिला होता. फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी घेऊन परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करायला बसलो, तर तिथे विमा संपलेला दिसतोय. मग पॉलिसी नीट वाचली. आरसीवर चॅसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे ६१९४७ आहेत, पॉलिसीवर ६१४९७. आणि विमाधारक म्हणून आईच्या ऐवजी माझं नाव. इंजिन नंबर आणि गाडीचा नंबर बरोबर आहेत.

एजंट म्हणतो, "काही होत नाही, पुढच्या रिन्यूअलला करून टाकू." मला ते पटत नाही. कंपनीला पत्र द्यायचं ठरवलंय. त्यात काय काय असायला हवं?

रस्तेवाला:
मीही एजन्सी करतो. चॅसिसचं काम सोपं आहे. आरसीची दोन्ही बाजूंची प्रत जोडून मेल टाका, एन्डॉर्समेंट म्हणजे पॉलिसीतल्या दुरुस्तीचा कागद निघतो, पैसे लागत नाहीत. नावाचं मात्र कठीण आहे. नाव बदललं की ते ट्रान्स्फर धरतात. चौदा दिवसांत कळवायचं असतं, ते तर उलटून गेले. पन्नास रुपये अधिक जीएसटी आणि नो क्लेम बोनस जाणार. सरळ पॉलिसी रद्द करून आईच्या नावाने नवी काढा, डोक्याला ताप नाही.

शाई आणि शिक्का:
रस्तेवाला, पहिल्या भागाशी सहमत, दुसऱ्याशी नाही. मी सरकारी विमा कंपनीच्या शाखेत मोटर खात्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौदा दिवसांची गोष्ट मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १५७ मधली. गाडीची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे गेली तर नव्या मालकाने इतक्या दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. इथे गाडी विकलीच गेलेली नाही. आरसी पहिल्या दिवसापासून आईच्या नावावर आहे. त्यामुळे हे हस्तांतरण नव्हे, कागदावरची चूक आहे, आणि पत्राच्या पहिल्याच वाक्यात तसं स्वच्छ लिहायचं. "नाव बदलून द्यावे" असं लिहिलंत की टेबलावरचा माणूस ट्रान्स्फरचा फॉर्म पुढे करतो आणि मग बोनस वसुलीचा विषय निघतो. "नोंदणीकृत मालकाचे नाव चुकीचे छापले गेले आहे, ते आरसीप्रमाणे दुरुस्त करावे" असं लिहा.

बोनसचं तर उलट आहे. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी पॉलिसी आईच्या नावावर होती, म्हणजे मिळवलेला बोनस आईचा. तो आता तुमच्या नावाच्या पॉलिसीत वापरला गेलाय. उद्या क्लेम आला, नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडे पडताळणी केली, की विमाधारक वेगळा निघणार. दुरुस्तीने बोनस जात नाही, उलट जागेवर येतो.

आणि रद्द करून नवी काढू नका. एखादा दिवस जरी मध्ये रिकामा राहिला तर गाडीची तपासणी मागतील. शिवाय आजवरच्या काळातली चूक जुन्या पॉलिसीत तशीच राहील.

गोदाकाठ:
धन्यवाद काका. एक शंका. एजंटने पोर्टलवर माझं नाव भरलं असेल, तर "तुम्हीच असं दिलंत" म्हणून कंपनी हात झटकेल का?

शाई आणि शिक्का:
म्हणू शकते. म्हणून पत्र लिहायच्या आधी प्रपोजलची प्रत मागवा. ऑनलाइन पॉलिसीत सही केलेला कागद नसतो, पण जी माहिती भरली तिचा उतारा असतो. बहुतेक वेळा पॉलिसीच्याच पीडीएफमध्ये शेवटच्या पानांवर तो मिळतो, कोणी तिथवर जात नाही. त्यात आईचं नाव असेल तर छपाईची चूक कंपनीची. तुमचं असेल तर चूक भरणाऱ्याची, तरी दुरुस्ती होते, फक्त पत्राची भाषा बदलते. दोष कोणाचा यावर परिच्छेद लिहू नका. "प्रपोजल भरताना मोबाइलधारकाचे नाव मालक म्हणून नोंदले गेले" एवढं पुरे.

मोगरा_८१:
माझ्या एलआयसीच्या पॉलिसीवर लग्नाआधीचं नाव आहे. त्यासाठी गॅझेट लागेल की मॅरेज सर्टिफिकेट चालेल? हेच पत्र वापरू का?

शाई आणि शिक्का:
ताई, तो विषय वेगळा आहे. तुमचं नाव तेव्हा बरोबरच होतं, नंतर बदललं. इथे सुरुवातीपासून चूक आहे. आयुर्विम्याला विवाह प्रमाणपत्र आणि ओळखपत्र घेऊन शाखेत विचारा, या पत्राचा उपयोग नाही.

आरटीओवाली:
चॅसिसबद्दल थोडं. पोर्टलवर सेवा घेताना गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे पाच आकडे विचारतात, ते आरसीतले. विम्याची माहिती मात्र कंपन्यांकडून वेगळ्या वाटेने येते. चॅसिस जुळला नाही की ती नोंद तुमच्या गाडीला चिकटत नाही, आणि स्क्रीनवर जुनीच तारीख दिसत राहते. गोदाकाठ यांचं तेच झालंय. त्यामुळे पत्रात "दुरुस्त माहिती वाहन प्रणालीकडे पुन्हा पाठवावी" ही मागणी वेगळी लिहा. नाहीतर कागद दुरुस्त होतो आणि पोर्टल तसंच राहतं.

दुसरं, दुरुस्ती मागण्याआधी गाडीवरचा नंबर स्वतः वाचा. आरसी बरोबर असेलच असं धरू नका. नव्या गाड्यांत हा घोळ कमी, जुन्या रजिस्टरवरून संगणकात चढवलेल्या गाड्यांत बराच सापडतो. आरसीच चुकलेली असेल तर आधी आरटीओ, मग विमा. उलट क्रमाने गेलात तर एक चूक दुसऱ्या कागदावर शिक्क्यासह बसते.

पाटीलवाडा:
हे माझ्यासोबत झालंय. जुनी जीप आहे. गाडीवर इंग्रजी B, आरसीवर 8. कंपनी म्हणते आरसीप्रमाणे देऊ, सर्व्हेअर म्हणाला गाडीप्रमाणे पाहिजे. दोघांच्या मध्ये मी.

आरटीओवाली:
दादा, तुम्हाला आधी आरटीओतच जावं लागेल. मूळ सेल सर्टिफिकेट असेल तर काढून ठेवा, म्हणजे फॉर्म २१. ट्रेसिंग घ्या आणि निरीक्षकाला गाडी दाखवा. वाचताना एक खूण लक्षात ठेवा: सतरा अक्षरांच्या नंबरात I, O आणि Q ही अक्षरं वापरत नाहीत. कुठे O दिसला तर तो शून्यच. B आणि 8 ला मात्र असा नियम नाही, तिथे ठसाच बघावा लागतो.

गोदाकाठ:
ट्रेसिंग कसं घेतात? सर्व्हिस सेंटरला जावं लागेल का?

पाटीलवाडा:
घरी होतं. नंबर कुठे कोरलाय ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तेलकट धूळ रॉकेलच्या फडक्याने पुसून काढायची, कोरडी करायची. पातळ कागद घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी घासायची. अक्षरं पांढरी उमटतात, बाजू काळी होते. कागद सरकला की आकडा दुहेरी उमटतो, मग दुसरा कागद घ्यायचा. फोटो हवा असेल तर खाचेत खडूची पूड भरा आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने धरा. समोरून मारली की 9 आणि 4 सगळे सपाट दिसतात.

गोदाकाठ:
केलं. गाडीवर ६१९४७ च आहे. आरसी बरोबर, पॉलिसी चूक. प्रपोजलच्या उताऱ्यात माझंच नाव आहे आणि चॅसिसही तिथेच उलटासुलटा झालेला. पत्राचा मसुदा टाकतोय, बघता का?

प्रति,
शाखा व्यवस्थापक, मोटर विमा विभाग

विषय: पॉलिसी क्रमांक ……, वाहन क्रमांक एमएच १५ …… — नोंदणीकृत मालकाचे नाव व चॅसिस क्रमांक आरसीप्रमाणे दुरुस्त करण्याबाबत

महोदय,
वरील पॉलिसीत दोन तपशील चुकीचे छापले गेले आहेत. वाहनाच्या मालकीत कोणताही बदल झालेला नाही. नोंदणी २०१९ पासून माझ्या आईच्याच नावे आहे.

विमाधारकाचे नाव पॉलिसीवर माझे आहे, ते आरसीप्रमाणे आईचे हवे. चॅसिस क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे पॉलिसीवर ६१४९७ आहेत, ते आरसीप्रमाणे व प्रत्यक्ष वाहनाप्रमाणे ६१९४७ हवेत. इंजिन क्रमांक व नोंदणी क्रमांक बरोबर आहेत.

कृपया दुरुस्ती करून सुधारित पॉलिसी द्यावी.

सोबत आरसी, जुनी पॉलिसी, आईचे आधार व पॅन, चॅसिसचे ट्रेसिंग व फोटो.

शाई आणि शिक्का:
छान आहे. चूक आणि बरोबर शेजारी शेजारी आलंय, वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. आता काय राहिलंय ते सांगतो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तारीख. "दुरुस्ती करून द्यावी" एवढंच लिहिलंत तर एन्डॉर्समेंटवर तुमचा अर्ज पोहोचला ती तारीख पडते. मग पॉलिसी सुरू झाल्यापासून त्या तारखेपर्यंतचा काळ चुकीच्या नावाने आणि चुकीच्या चॅसिसने उभा राहतो. पत्रात असं वाक्य घाला: "ही दुरुस्ती पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून लागू करावी." त्याच्याच खाली: "पॉलिसी सुरू झाल्यापासून आजपर्यंत या वाहनाला अपघात झालेला नाही, चोरी झालेली नाही व कोणताही दावा केलेला नाही." मागची तारीख द्यायला कंपनी कचरते, कारण तिला भीती असते की काहीतरी घडून गेलंय आणि आता कागद नीट केले जातायत. हे वाक्य तुम्ही सहीने दिलंत तर त्यांचं काम सोपं होतं. अर्थात ते खरं असलं पाहिजे.

दुसरं, सही कोणाची? पॉलिसीवर तुमचं नाव, गाडी आईची. दोघांनी करा. एकट्या आईने पत्र दिलं तर कंपनी म्हणेल हे आमच्या ग्राहक नाहीत. एकट्या तुम्ही दिलंत तर मालकाची संमती नाही म्हणतील.

तिसरं, पॉलिसीत नॉमिनी कोण आहे ते बघा.

गोदाकाठ:
बघितलं. नॉमिनी आई आहे!

शाई आणि शिक्का:
वाटलंच होतं. नाव दुरुस्त झालं की आई विमाधारकही आणि स्वतःचीच नॉमिनीही. त्याच पत्रात वडिलांचं किंवा तुमचं नाव नॉमिनी म्हणून लिहा, नात्यासह.

याचं महत्त्व का ते सांगतो. मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कवच असतं. त्याच्या अटी पॉलिसीतच छापलेल्या असतात: चालवणारा गाडीचा नोंदणीकृत मालक असावा, पॉलिसीत त्याचंच नाव असावं, आणि त्याच्याकडे वैध परवाना असावा. तिन्ही एकाच माणसात जुळायला हवं. आज तुमच्या पॉलिसीत मालक एक आणि नाव दुसऱ्याचं, म्हणजे हप्ता भरूनही या कवचाचा उपयोग ना आईला ना तुम्हाला. आईकडे परवाना आहे ना?

गोदाकाठ:
आहे. भाजी आणायला, भजनाला तीच गाडी नेते. मी तर पुण्यात असतो. हे कवच तिच्यासाठीच घेतलं होतं.

रस्तेवाला:
पंधरा लाखांचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं, बरोबर आहे काका. पण मागच्या तारखेपासून एन्डॉर्समेंट सगळ्या कंपन्या देत नाहीत. माझ्या अनुभवात चॅसिसला देतात, नावाला नाही म्हणतात.

शाई आणि शिक्का:
खरंय, नावाला ताणतात. नाही म्हटलं तर कारण लेखी मागायचं. फोनवरचं "सिस्टिममध्ये होत नाही" हे उत्तर धरायचं नाही.

कडुनिंब:
पत्र मराठीत द्यावं की इंग्रजीत? आमच्या गावच्या शाखेत मराठी घेतात, पण पुढे मुंबईला पाठवतात आणि तिथे अडतं.

आरटीओवाली:
मी असते तर शाखेत मराठी पत्र देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला असता आणि तोच मजकूर इंग्रजीत ग्राहक सेवेच्या मेलवर पाठवला असता. एन्डॉर्समेंट काढणारा माणूस शाखेत बसतोच असं नाही. नाव आणि नंबर मात्र दोन्हीकडे इंग्रजीतच टाइप करा, आरसीवर जसं आहे तसं. मधलं नाव, आडनाव पुढे की मागे, सगळं आरसीच्याच क्रमाने. आधारच्या क्रमाने दिलंत तर पुन्हा नवी दुरुस्ती.

शाई आणि शिक्का:
मेलच्या विषयात पॉलिसी नंबर टाका आणि उत्तर आलं की सर्व्हिस रिक्वेस्टचा नंबर टिपून घ्या. उत्तरच आलं नाही तर त्याच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. तक्रारीला दोन आठवड्यांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. त्यानंतर आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल आहे, फोन १५५२५५. लोकपालाकडे जायचं तर कंपनीने नकार दिलेला हवा किंवा तक्रार देऊन महिना उलटलेला हवा. फी नाही, वकील लागत नाही. पण इतकी वेळ सहसा येत नाही.

गोदाकाठ:
अपडेट देतो. दोघांच्या सहीने पत्र दिलं, शाखेचा शिक्का घेतला, मेलही केला. एन्डॉर्समेंट आली. चॅसिस आता ६१९४७, नाव आईचं. पण लागू तारीख अर्जाचीच टाकलीय आणि नॉमिनी अजूनही आईच आहे.

शाई आणि शिक्का:
म्हणूनच एन्डॉर्समेंटसुद्धा पॉलिसीसारखीच वाचायची. लगेच दुसरं पत्र द्या. एन्डॉर्समेंट क्रमांक आणि त्याची तारीख लिहा, मग: "आमच्या मूळ पत्रात दुरुस्ती पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून मागितली होती व नॉमिनीचे नावही दिले होते. दोन्ही गोष्टी एन्डॉर्समेंटमध्ये आलेल्या नाहीत. कृपया समाविष्ट कराव्यात, किंवा नकाराचे कारण लेखी कळवावे." शिक्का मारलेली पहिली प्रत जोडा. नवीन काही मागू नका, म्हणजे ही नवी विनंती ठरत नाही.

गोदाकाठ:
दिलं. चॅसिसची दुरुस्ती सुरुवातीपासून धरली आणि नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव आलं. आईच्या नावाला मात्र अर्जाचीच तारीख ठेवली, "अंडररायटिंगची मान्यता नाही" असं मेलवर कळवलंय. बोनस ५० टक्के आईच्या नावाने कायम असल्याचंही लिहून दिलं.

रस्तेवाला:
म्हणजे मी म्हणालो तसंच झालं नावाचं.

शाई आणि शिक्का:
हो, त्यात तुम्ही बरोबर. गोदाकाठ, मधल्या काळात काही घडलेलं नाही, त्यामुळे मी यावर आणखी भांडलो नसतो. मूळ पॉलिसी, दोन्ही एन्डॉर्समेंट आणि तो मेल एकत्र ठेवा. पुढच्या रिन्यूअलला नव्या एजंटला मूळ पॉलिसीचा फोटो पाठवू नका, शेवटची एन्डॉर्समेंट पाठवा. नाहीतर जुना चॅसिस पुन्हा टाइप होईल.

गोदाकाठ:
पोर्टलवर अजून जुनाच विमा दिसतोय. किती थांबायचं?

आरटीओवाली:
काहींचं आठवड्यात दिसतं, काहींचं कंपनीला पुन्हा आठवण करेपर्यंत नाही. एन्डॉर्समेंटचा कागद घेऊन काउंटरवर विचारून बघा. आमच्याकडे काही अधिकारी तो बघून बोज्याचा अर्ज पुढे घेतात, काही पोर्टलवर दिसल्याशिवाय हात लावत नाहीत.

कासारवाडी:
धागा उशिरा वाचला. माझ्या कारच्या पॉलिसीतही चॅसिसचा एक आकडा चुकलाय आणि परवा मागून टेम्पोने ठोकलं. गाडी गॅरेजला आहे. आधी दुरुस्तीचं पत्र देऊ का, क्लेम नंतर?

शाई आणि शिक्का:
नको. क्लेम आजच कळवा, आणि त्याच मेलमध्ये चॅसिसची चूकही सांगा. आरसी, गाडीवरच्या नंबराचा फोटो आणि आधीच्या वर्षाची पॉलिसी जोडा. "अपघात झालेला नाही" हे वाक्य तुमच्या पत्रात येता कामा नये. इंजिन नंबर आणि गाडीचा नंबर पॉलिसीत बरोबर आहेत का? तसं असेल तर सर्व्हेअरला गाडीची ओळख पटवणं शक्य असतं, कारण गाडी समोर उभी आहे. गाडी चोरीला गेली असती तर जुळवायला काहीच उरलं नसतं. सर्व्हेअर यायच्या आधी गॅरेजवाल्याला कोणताही भाग उघडू देऊ नका.

कासारवाडी:
इंजिन नंबरमध्ये पहिलं अक्षर गाळलंय. गाडीचा नंबर बरोबर आहे.

शाई आणि शिक्का:
मग दोन्ही लिहा. आधीच्या वर्षाच्या पॉलिसीत इंजिन नंबर पूर्ण असेल तर तीच तुमची भक्कम बाजू. ती कंपनीही हीच होती का?